विषय: गुणवत्ता अधिकारी पदाचा स्वीकार, 22 डिसेंबरला रुजू होणे आणि कागदपत्रांबाबत

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपलं 14 नोव्हेंबर 2025 चं नियुक्तीपत्र मिळालं. दिंडोरीच्या पॅकहाऊससाठी गुणवत्ता अधिकारी हे पद मी आनंदाने स्वीकारत आहे. दरमहा 46,000 रुपये एकूण वेतन आणि सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ मला मान्य आहे. प्रत्येक पानावर सही केलेली पत्राची प्रत सोबत जोडली आहे. मूळ प्रत पहिल्या दिवशी घेऊन येईन.

रुजू होण्याची तारीख सोमवार, 22 डिसेंबर 2025 धरावी. आपण पत्रात 15 डिसेंबर ते 1 जानेवारी अशी मुभा दिली आहे, त्याबद्दल आभार. आज मी राजीनामा देत आहे. इथे तीस दिवसांची नोटीस आहे, म्हणजे 16 डिसेंबर हा माझा शेवटचा दिवस. सध्या बेदाण्याच्या कामाचा ताण कमी असल्यामुळे मुदत वाढणार नाही, असं आमच्या साहेबांशी बोलून मग ही तारीख कळवत आहे. जानेवारीत माल सुरू होण्याआधी दहा-बारा दिवस हाताशी मिळावेत, ही माझीही इच्छा आहे. यंदा पाऊस लांबल्यामुळे छाटण्या मागे-पुढे झाल्या आहेत. कुठल्या प्लॉटचा माल केव्हा येणार हे आधी समजलं, तर रेसिड्यूचे नमुने वेळेत काढता येतील.

एक विनंती आहे. हंगामात पॅकिंग रात्री उशिरापर्यंत चालतं आणि अशा दिवशी महिला कर्मचाऱ्यांना घरापर्यंत गाडी मिळते, असं आपण मुलाखतीत सांगितलं होतं. पत्रात त्याचा उल्लेख नाही. आपल्या शब्दाबद्दल मला शंका नाही. पण मी नवीन गावात राहायला येत आहे आणि घरच्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. या मेलच्या उत्तरात तेवढी एक ओळ लिहून पाठवलीत तरी पुरेसं आहे, नवं पत्र काढायची गरज नाही.

आपण मागितलेल्यांपैकी आधार, पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, परभणीच्या कृषी विद्यापीठाची बी.टेक. (अन्न तंत्रज्ञान) पदवी, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि रद्द केलेला चेक आज जोडत आहे. अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचं पत्र 16 तारखेनंतरच मिळेल. तोवर राजीनामा मंजूर झाल्याची प्रत हाती येताच पाठवते.

कागदपत्रं तपासताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. पदवी, पॅन आणि भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनवर माझं माहेरचं नाव आहे. आधार आणि बँक खात्यावर लग्नानंतरचं. म्हणून विवाह नोंदणीचा दाखलाही जोडला आहे. यूएएनवरची दुरुस्ती मी इथे असतानाच करून घेते, कारण नाव जुळलं नाही तर जुनी रक्कम नव्या खात्यात वळवताना अर्ज अडकतो. फॉर्म 11 भरताना आधारवरचं नाव लिहीन. पॅनचा अर्जही याच आठवड्यात करते. पगाराच्या नोंदीत सुरुवातीपासून आधारप्रमाणे नाव घातलंत तर पुढे घोळ होणार नाही. या आर्थिक वर्षात इथे मिळालेला पगार आणि कापलेला टीडीएस यांचा तपशील शेवटच्या हिशोबासोबत मिळेल, तो लेखा विभागाला देईन.

एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे लागणारी वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस यांचा माझा दाखला मार्चमधला आहे. तो चालेल, की तुमच्या डॉक्टरांकडून नव्याने तपासणी करायची, ते कळवावं. नव्याने करायची असल्यास मी 19 तारखेलाच दिंडोरीत येते.

आधीच्या नोकरीची चौकशी करणार असाल, तर कृपया 24 नोव्हेंबरनंतर करावी. माझ्या हाताखालच्या माणसांना ही बातमी माझ्याकडूनच कळावी, असं मला वाटतं.

22 तारखेला किती वाजता आणि कोणाला भेटायचं, तेही सांगावं. शक्य असल्यास नोंदणी झालेल्या प्लॉटची यादी आणि शेतकऱ्यांच्या फवारणीच्या नोंदी आधी पाठवाव्यात, म्हणजे नोटीसच्या दिवसांत संध्याकाळी वाचून ठेवीन. तासगावजवळ आमची स्वतःची दीड एकर बाग आहे. एका फवारणीची तारीख चुकीची लिहिली गेली, तर अख्ख्या वर्षाचा माल कसा मागे राहतो, हे मी घरात पाहिलं आहे. त्या नोंदी माझ्यासाठी नुसते कागद नाहीत.

मुलाखतीत आपण आणि पॅकहाऊसच्या सरांनी मला एवढा वेळ दिलात, पूर्ण शीतगृह फिरून दाखवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. फोन अर्जात दिलेल्या नंबरवरच करावा. सायंकाळी सहानंतर मोकळेपणाने बोलता येईल.

आपली विश्वासू,
सायली
तासगाव, 17 नोव्हेंबर 2025