संपादक मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा

सातारा,
७ जुलै २०२५

प्रति,
संपादक आणि संपादक मंडळातील सर्व सहकारी

सप्रेम नमस्कार.

मासिकाच्या संपादक मंडळाचं सदस्यत्व आणि कविता विभागाची जबाबदारी मी आजपासून सोडते आहे. ३१ जुलैपर्यंत हातातली कामं पुरी करून देईन. त्यानंतरच्या अंकापासून श्रेयनामावलीत माझं नाव असू नये, ही विनंती.

कारण तुम्हाला ठाऊक आहे, पण ते कागदावर असावं असं वाटतं. २२ जूनच्या बैठकीत मंडळाने पाच विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की यंदाच्या दिवाळी अंकापासून लेखकांकडून 'सहयोग मूल्य' घ्यायचं: कवितेला पंधराशे, कथेला चार हजार, शिवाय अंकाच्या पाच प्रती विकत घेण्याची अट. हे ऐच्छिक आहे असं बैठकीत सांगितलं गेलं. पण लेखकांना पाठवायच्या पत्राचा जो मसुदा आला, त्यात 'सहयोग मूल्य भरणाऱ्यांच्या साहित्याला प्राधान्य' असं वाक्य आहे. माझा विरोध त्या वाक्याला आहे.

आर्थिक ओढाताण खोटी आहे असं मी म्हणत नाही. कागदाचं बिल, छपाईचं बिल, टपालखर्च हे सगळं मी गेली अकरा वर्षं तुमच्याबरोबर पाहिलेलं आहे. दिवाळीच्या आधी बँका, पतसंस्था, साखर कारखाने यांच्या दारात जाहिरातीसाठी तुम्ही किती वेळा ताटकळत उभे राहिलात, हेही मला माहीत आहे. पूर्वी एका फोनवर मिळणारी पानभर जाहिरात आता चार खेपा घालूनही मिळत नाही. त्या वणवणीतून हा निर्णय आला आहे, कुणाच्या लोभातून नाही. म्हणून माझ्या मनात कुणाबद्दल राग नाही.

तरीही या निर्णयाखाली मला कविता निवडता येणार नाहीत.

माणदेशातल्या एका मुलाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. चार वर्षांपूर्वी त्याच्या सहा कविता आल्या, शाळेच्या चौरेघी वहीच्या पानांवर, आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, पाच रुपयांचं तिकीट लावलेलं पाकीट. पाच कविता साभार परत पाठवल्या. सहावी टँकरची होती. तिच्या शेवटच्या दोन ओळी काढाव्यात असं मला वाटत होतं आणि तुम्हाला त्या हव्या होत्या. त्यावरून आपण छापखान्याच्या वरच्या खोलीत जवळजवळ तासभर वाद घातला. मग मी त्याला फोन केला. 'विचार करून सांगतो मॅडम,' म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, की एक ओळ काढा, एक राहू द्या. त्याचं बरोबर होतं. कविता छापून आली, आपण तीनशे रुपये मानधन पाठवलं, तर त्यातून त्याने अंकाच्या आणखी दोन प्रती मागवल्या, एक आईसाठी आणि एक शाळेतल्या गुरुजींसाठी.

नवीन पत्र त्याच्या हातात पडलं असतं तर त्याने पंधराशे रुपये कुठून आणले असते? आणले असते असं धरलं, तरी पुढचा प्रश्न मला जास्त छळतो. पैसे भरलेल्या कवीला मी कुठल्या तोंडाने म्हणू, की तुमच्या शेवटच्या दोन ओळी जमलेल्या नाहीत? आणि त्याने तरी का ऐकावं? त्याने जागा विकत घेतलेली असेल. पाच कविता परत पाठवता आल्या म्हणूनच सहावीच्या स्वीकाराला त्याच्या लेखी किंमत होती.

नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई म्हणून राहिले. अशा हातांनी लिहिलेली कविता मराठीत आली ती कुणीतरी नुसती वाचून निवडली म्हणून. आपल्याकडे येणाऱ्या पाकिटांतही तसे हात असतात. 'प्राधान्य' या एका शब्दाने ती पाकिटं गठ्ठ्याच्या तळाला जातील.

वाचकांचाही विचार व्हायला हवा होता. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून एकशे सोळा वर्षं मराठी माणूस फराळाच्या ताटाबरोबर अंक हातात घेतो आहे. संपादकाने ढिगातून निवडून काही दिलं असेल या भरवशावर तो पैसे मोजतो. म्हणून मी बैठकीत सुचवलं होतं की पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर तसा स्पष्ट उल्लेख तरी करू या. त्यालाही नकार मिळाला. दिवाळी अंकाची चोवीस पानं कमी करावीत, रंगीत विभाग यंदा वगळावा, वार्षिक वर्गणी पाचशेवरून साडेसहाशे करावी, हे माझे पर्यायही मंडळाला पटले नाहीत. बहुमताचा निर्णय मला मान्य आहे. पण तो राबवणाऱ्यांत माझं नाव असणं वाचकांची फसवणूक होईल.

१८८७ मध्ये मतभेदांमुळे आगरकरांनी 'केसरी'चं संपादकपद सोडलं आणि पुढच्याच वर्षी 'सुधारक' काढला. माझ्या मनात असं काही नाही. मी दुसरं मासिक काढणार नाही, दुसऱ्या कुठल्या मंडळावर जाणार नाही, वर्तमानपत्रांना पत्रंही लिहिणार नाही. कुणी विचारलं तर धोरण पटलं नाही म्हणून बाहेर पडले, एवढंच सांगेन. बैठकीतलं बोलणं बैठकीतच राहील.

आता कामाचं. दिवाळी अंकासाठी ३० जूनपर्यंत २१२ कवींची पाकिटं आणि मेल आले. त्यांपैकी १८० वाचून झाले आहेत, उरलेले ३२ मी महिनाअखेरपर्यंत वाचून टिपणांसह देईन. १९ कवींना निर्णयाच्या आधीच स्वीकृतीची पत्रं गेली आहेत, त्यांवर माझी सही आहे. या १९ जणांकडे सहयोग मूल्य मागू नये आणि ठरल्याप्रमाणे मानधन द्यावं, एवढी एकच मागणी मी करते आहे. तो शब्द मासिकाने दिलेला आहे. तिकीट लावलेली परतीची पाकिटं निळ्या खोक्यात वेगळी ठेवली आहेत, ती कृपया दुसऱ्या कामाला वापरू नयेत. कपाटाची किल्ली आणि कवींच्या पत्त्यांची वही ३१ तारखेला स्वतः आणून देईन.

या मंडळात मला नानांनी आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे साभार परतीचा गठ्ठा ठेवला आणि प्रत्येकाला दोन ओळी हाताने लिहायला सांगितलं. अकरा वर्षं मी ते केलं. 'तुमच्या त्या दोन ओळींमुळे लिहीत राहिलो' असं सांगणारी पत्रं माझ्या घरी एका डब्यात आहेत. मासिकाने मला हे दिलं, त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. तुम्ही एकदाही माझ्या निवडीत ढवळाढवळ केली नाहीत. वाद घातलात, पण शेवटचा शब्द माझा ठेवलात. तुमच्या त्या विश्वासाबद्दल मनापासून आभार.

माझी वर्गणी पुढच्या मार्चपर्यंत भरलेली आहे आणि पुढेही भरेन. हे धोरण कधी बदललं तर कळवा, त्या दिवशी पाकिटं फोडायला मी येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली स्नेहांकित,
सुनंदा