१४ तारखेला संक्रांत पण आहे आणि २बी पण, शेठ जरा आधीच बघून घ्या

राम राम विलासशेठ,

मी सचिन, 'रोजमेळ' मधून. आम्ही दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. तुमचा मेल आयडी मार्केट यार्डातल्या तेलाच्या होलसेलवाल्यांनी दिला, म्हणाले कराडात किराणा आणि जनरल दोन्ही आहे, माल भरपूर फिरतो, पण जीएसटीचं नाव काढलं की विलासशेठ फोन सरळ मुलाच्या हातात देतात. म्हणून फोन नाही केला, मेलच टाकतोय, रात्री शटर ओढल्यावर निवांत वाचा आणि मुलालाही दाखवा.

सॉफ्टवेअर विकायलाच लिहितोय, ते काय लपवण्यासारखं नाही. पण आधी जे सांगतोय ते आमचं घेतलं नाहीत तरी कामाला येईल, त्यामुळे निदान अर्ध्यापर्यंत तरी वाचा.

तुमचं रिटर्न तीन महिन्यांचं आहे असं कळलं, म्हणजे आत्ता ऑक्टोबर ते डिसेंबरचं भरायचंय. विक्री दाखवायच्या जीएसटीआर-१ ला १३ जानेवारी, टॅक्स भरायच्या ३बी ला आपल्या महाराष्ट्रात २२ जानेवारी. आणि मध्ये १४ ला संक्रांत. म्हणजे ज्या आठवड्यात काउंटरवर तीळ, गूळ, हलवा, वाणाचं सामान यातून मान वर करायला फुरसत नसते नेमकं त्याच आठवड्यात सीएच्या ऑफिसमधला पोरगा फोन करणार, "शेठ विक्रीचा आकडा द्या, खरेदीची बिलं पाठवा, आणि आत्ता ओटीपी आलाय तो सांगा लवकर, जातोय तो." तुम्ही एका हाताने गूळ मोजताय आणि दुसऱ्या हाताने ओटीपी शोधताय, आणि तो कशाचा ओटीपी होता, कोणता आकडा गेला, कोणाला माहीत.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. पूर्वी जीएसटीआर-१ मध्ये काही गडबड झाली तर ३बी भरताना आकडा हाताने नीट करून घ्यायचे. जुलै २०२५ पासूनच्या रिटर्नला ते बंद झालं. जीएसटीआर-१ मध्ये जी विक्री दाखवली तिचाच टॅक्स ३बी मध्ये येऊन बसतो आणि तिथे खोडता येत नाही, दुरुस्ती करायची तर ३बी भरायच्या आधी जीएसटीआर-१ए भरायचा. म्हणजे १३ तारखेला घाईत अंदाजाने आकडा सांगितला तर तो अंदाज २२ ला तुमच्या खिशातून जातो. म्हणून खरं टेन्शन १३ चं घ्यायला पाहिजे, लोक घेतात २२ चं.

आता रेटचं. २२ सप्टेंबर २०२५ ला रेट बदलले तेव्हा सगळ्यांनी म्हटलं चला सोपं झालं, १२ आणि २८ गेले, पाच आणि अठराच राहिले. किराणावाल्याला विचारा सोपं झालं का. अंगाचा साबण १८ चा ५ झाला, धुण्याची पावडर १८ वरच. टूथपेस्ट, डोक्याचं तेल, बिस्किट, चॉकलेट पाचवर आले, तूप आणि फरसाण १२ वरून पाचवर, वह्या आणि पेन्सिली शून्यावर, आणि फ्रिजमधलं कोल्ड्रिंक थेट ४०. तूरडाळ पोत्यातून सुटी मोजून दिली तर टॅक्स नाही, तीच डाळ कंपनीच्या छापील लेबलच्या पाकिटात असेल तर पाच टक्के. आता एकाच पिशवीत हे सगळं घेऊन बाई उभ्या आहेत आणि मागे रांग आहे, अशा वेळी रेट कोण आठवत बसणार? मग दिवसाची विक्री एका आकड्यात लिहायची आणि तीन महिन्यांनी सीएने ती टक्केवारीत अंदाजाने वाटायची, असं चालतं. चालतं म्हणजे चालवून घेतात.

आणि तुम्ही गावातल्या दोन-तीन हॉटेलांना, मेसला माल देता ना? त्यांना त्यांच्या जीएसटी नंबरचं बिल लागतं. ते बिल जर तुमच्या रोजच्या गल्ल्याच्या विक्रीत मिसळून गेलं तर त्यांच्या जीएसटी नंबरावर ते दिसतच नाही, आणि मग हॉटेलवाला पुढचा माल दुसरीकडून उचलतो, तुम्हाला कारणही सांगत नाही.

पण खरे पैसे जातात ते खरेदीत. हे जरा सावकाश वाचा.

समजा सांगलीच्या पार्टीकडून धुण्याच्या पावडरचा माल घेतला, ६०,००० चा, वर १८ टक्के म्हणजे १०,८०० टॅक्स. तुम्ही ७०,८०० दिले, पक्कं बिल हातात आहे, फाईलला लावलं, विषय संपला असं वाटतं. पण त्या पार्टीने स्वतःच्या जीएसटीआर-१ मध्ये ते बिल टाकलंच नाही, किंवा टाकताना तुमच्या जीएसटी नंबरातला एक आकडा चुकला, किंवा नंबरच न टाकता किरकोळ विक्रीत ढकललं, तर ते बिल तुमच्या २बी मध्ये, म्हणजे पार्ट्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणाऱ्या तुमच्या खरेदीच्या यादीत, येत नाही. आणि २बी मध्ये नाही तर त्याचं इनपुट घेता येत नाही, म्हणजे खरेदीवर दिलेला टॅक्स विक्रीच्या टॅक्समधून वजा होत नाही, २०२२ च्या जानेवारीपासून कायदाच तसा आहे, बिल हातात असून उपयोग नाही. म्हणजे ते १०,८०० तुम्ही एकदा सांगलीवाल्याला दिले आणि आता परत सरकारला रोख द्यायचे.

चूक त्याची, भुर्दंड तुम्हाला. आणि वाईट भाग असा की बहुतेक दुकानदारांना हे झालंय हेच कळत नाही, कारण सीएकडे जेवढी बिलं २बी मध्ये दिसतात तेवढ्याचं इनपुट घेऊन रिटर्न जातं, तिकडे तुमच्या फाईलमध्ये चार बिलं जास्त आहेत हे कोणी जुळवून बघतच नाही. सीएला दोष देत नाही मी, त्याच्याकडे तुमच्यासारखी किती दुकानं असतात आणि बिलांची पिशवी त्याला मिळते १९ तारखेला.

पैसे बुडतातच असं नाही. पार्टीला सांगितलं तर तो पुढच्या रिटर्नमध्ये ते बिल दाखवू शकतो, आणि त्या वर्षाचं इनपुट आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं (वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तिथेच मुदत संपते). पण सांगणार कधी, तर कळेल तेव्हा. म्हणून म्हटलं, १४ तारखेला तुमची तिमाहीची २बी तयार होते, १४ ते २२ मध्ये आठ दिवस मिळतात, त्या आठ दिवसांत बिलं जुळवली तर सगळं हातात असतं.

आता आमचं सॉफ्टवेअर काय करतं ते. माल आला की बिलाचा मोबाईलवर फोटो काढायचा, पार्टी, बिल नंबर, तारीख, रक्कम, टॅक्स हे भरलं जातं, तुम्ही फक्त बघून ओके करायचं. (हाताने लिहिलेलं बिल असेल तर वाचताना चुकतं, ते मुलाला टाईप करायला लागेल, आधीच सांगतो.) विक्रीला प्रत्येक वस्तूचा रेट एकदाच लावून ठेवायचा, पहिल्यांदा आमचा माणूस येऊन दोन दिवस बसून लावून देतो, नंतर काउंटरवर वस्तू निवडली की टॅक्स आपोआप, सुटी डाळ वेगळी आणि पाकिटातली वेगळी. हॉटेलवाल्यांची बिलं त्यांच्या नंबरसकट बाजूला राहतात. १४ तारखेला पोर्टलवरून २बी ची एक्सेल फाईल उतरवून टाकली की तीन याद्या येतात, जुळलेली बिलं, फरक असलेली बिलं आणि तिकडे नसलेलीच बिलं. जी नाहीत त्या पार्टीला पाठवायला व्हॉट्सॅपचा मेसेज पण तयार असतो, साधारण असा:

"नमस्कार, दि. १८ नोव्हेंबरचं तुमचं बिल, टॅक्स १०,८०० रु., आमच्या २बी मध्ये आलेलं नाही. कृपया जीएसटीआर-१ मध्ये तपासून आमच्या जीएसटी नंबरवर दाखवावं. तोपर्यंत एवढी रक्कम पुढच्या पेमेंटमधून थांबवतोय."

ते शेवटचं वाक्य हवं तर काढा, पण अनुभव असा की त्या वाक्यावरच उत्तर येतं.

रिटर्न आम्ही भरत नाही, ते तुमचा सीएच भरणार, त्याला आमच्याकडून तयार फाईल जाते. त्याला सोडायची काही गरज नाही, उलट तो खूश होतो.

अजून एक, बाजारात नोटिशीची भीती घालून सॉफ्टवेअर विकणारे खूप फिरतायत. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या ते खरं आहे, पण ते मुख्यतः नोंदणी नसलेल्यांचं प्रकरण होतं, तुमची नोंदणी आहे, रिटर्न वेळेवर जातंय, तुम्ही त्यासाठी घाबरून काही घेऊ नका. उशीर झाला तर लेट फी रोज ५० रुपये, निरंक असेल तर २०, आणि रोख भरायच्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, एवढंच साधं गणित आहे. ही लेट फी वाचवायला आमच्यावर खर्च करू नका, इनपुट वाचत असेल तर करा. तुमचे शेजारी कोणी कंपोझिशनमध्ये असतील तर त्यांना आमची गरजच नाही, इनपुटच मिळत नाही त्यांना, उगाच पैसे जातील.

किंमत वर्षाला ३,६०० अधिक जीएसटी, एकूण ४,२४८. त्यातले ६४८ तुम्हाला इनपुटमध्ये मिळतात, आणि हो, आमचं बिल तुमच्या २बी मध्ये दिसलं नाही तर पहिला मेसेज आम्हालाच पाठवा.

आत्ता घ्या असं म्हणत नाही. मुलाला सांगून जुलै ते सप्टेंबरची फक्त खरेदीची बिलं आणि त्या तिमाहीची २बी ची फाईल या मेलला रिप्लाय करून पाठवा. आम्ही जुळवून यादी देतो, कोणत्या पार्टीचं कोणतं बिल राहिलंय आणि किती टॅक्स अडकलाय, त्याचे पैसे नाहीत. काहीच राहिलं नसेल तर तसं लिहून देऊ, मग तुमचा सीए चांगला आहे, त्याला आमच्याकडून चहा पाजा. काही निघालं तर पार्टीकडे मागा, मुदत अजून आहे, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. ८ तारखेपर्यंत बिलं आली तर संक्रांतीच्या गर्दीच्या आत यादी तुमच्या हातात देतो.

सचिन
रोजमेळ

ता. क. फोटो पाठवताना बिलावरचा तुमचा जीएसटी नंबर नीट दिसेल असा काढा, कोपरा कापला जातो बऱ्याचदा. आणि पार्टीने तो नंबरच चुकीचा छापला असेल तर ते तिथेच दिसेल, आमच्याकडे यायच्या आधी.