आई-बाबांसाठी वेगळी पॉलिसी, १० लाखांचं कव्हर

बाबांना शुगर आहे, आईच्या बीपीच्या गोळ्या सुरू आहेत. अशाच आई-बाबांसाठी ही पॉलिसी आहे. घेताना वय ६० ते ७५, कव्हर दोघांत मिळून वर्षाला १० लाख, नूतनीकरण आयुष्यभर. बाबा ६७ आणि आई ६२ वर्षांची असेल, तर वर्षाचा हप्ता ६४,८०० रुपये. त्यावर जीएसटी नाही. जुन्या कररचनेत असाल तर कलम ८०-डी खाली ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, मात्र हप्ता रोखीने भरू नका.

फॉर्म आई-बाबांना शेजारी बसवून भरा

क्लेम अडकतो तो बहुतेक इथे. मुलगा पुण्यात बसून रात्री फॉर्म भरतो, ‘जुना आजार नाही’वर टिक करतो. पुढे ॲडमिट होताना डॉक्टर विचारतात, ‘शुगर किती वर्षं?’ बाबा खरं ते सांगतात, ‘बारा वर्षं.’ केस पेपरवर तेच लिहिलं जातं आणि आमच्याकडे येतं. म्हणून गोळ्यांची पाकिटं, जुन्या फाइली काढा. दहा वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टीही लिहा. सांगितलेला जुना आजार २४ महिन्यांनी कव्हर होतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे बदलणं यांनाही २४ महिने. इतर आजारांना पहिले ३० दिवस कव्हर नाही. अपघाताला पहिल्या दिवसापासून कव्हर.

तुमच्या खिशातून किती जाईल

प्रत्येक क्लेममध्ये २० टक्के को-पे आहे. बिल ३ लाख झालं आणि त्यात न मिळणारा खर्च १२,००० असेल, तर उरलेल्या २,८८,००० पैकी २,३०,४०० आम्ही देतो. ६९,६०० तुम्ही भरायचे. तेवढी रक्कम बाजूला ठेवाच.

खोलीभाडं रोज ६,००० रुपयांपर्यंत. ९,०००ची खोली घेतली, तर भाड्यातला फरक तर तुमच्यावर पडतोच, शिवाय डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांचाही एक तृतीयांश कापला जातो. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात नाही. ॲडमिशनच्या वेळी घाईत कुणीतरी ‘चांगली खोली द्या’ म्हणतं, तेव्हा हा आकडा लक्षात असू द्या.

ॲडमिट करताना

ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवा, तातडीचं असेल तर २४ तासांत. कॅशलेसचं उत्तर १ तासात, डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत देतो. तुम्ही दुबईत असाल आणि आई-बाबा सांगलीत, तर ई-कार्ड आणि आधारची छापील प्रत घरात ठेवाच, एक शेजारच्या काकूंकडेही द्या. रात्री दोनला मोबाइलचा पासवर्ड कुणाला आठवत नाही.

सत्तरी पूर्ण झाली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घ्या. ही पॉलिसी असली तरी ते मिळतं.

पॉलिसी हातात आली की आई-बाबांची नावं, जन्मतारखा आणि लिहिलेले आजार तपासा. पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.