वेबिनारचा आराखडा: 'पगार थांबल्यावर घर कसं चालेल?'

मॅडम,

रविवारच्या वेबिनारचा आराखडा पाठवते आहे. वेळ सकाळी ११ ते १२, झूमवर. प्रेक्षक म्हणजे सांगली-मिरजेकडचे, निवृत्तीला पाचेक वर्षं उरलेले बँक कर्मचारी, प्राध्यापक आणि त्यांचे जोडीदार. जोडीदारांना मुद्दाम बोलवू. घरखर्चाचा खरा आकडा बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतो.

तुम्ही सुचवलेलं '१५ टक्क्यांची निवृत्ती' हे शीर्षक मी घेतलेलं नाही. खाली कितीही बारीक अक्षरात इशारा छापला तरी लोकांच्या लक्षात १५च राहील. शिवाय एप्रिल २०२३ च्या सेबीच्या जाहिरात संहितेत खात्रीशीर परताव्याचा आभास, स्वतःच्या मागच्या कामगिरीचे आकडे, ग्राहकांचे अभिप्राय, बक्षिसांच्या योजना आणि 'सर्वोत्तम', 'नंबर वन' असले शब्द बसत नाहीत. म्हणून पाटील सरांच्या अभिप्रायाचा व्हिडिओ आणि लकी ड्रॉ दोन्ही काढले. मजकूर सेबीमान्य पर्यवेक्षण संस्थेच्या मंजुरीशिवाय एकाही ग्रुपवर टाकायचा नाही.

आमंत्रण (व्हॉट्सॲप)
"नमस्कार. आज घरखर्च महिना ४० हजार असेल, तर ६ टक्के महागाईने १२ वर्षांनी तो सुमारे ८० हजार होतो. तुमची शिल्लक किती वर्षं पुरेल? कागद-पेन घेऊन बसा, आपण मिळून हिशेब करू. रविवार, सकाळी ११. प्रवेश विनामूल्य. या तासात कोणतीही योजना विकली जाणार नाही."
याखाली तुमचं नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि बाजार जोखमीचा ठरलेला इशारा, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

नोंदणी फॉर्म
नाव, व्हॉट्सॲप नंबर, निवृत्तीचं वर्ष आणि 'सगळ्यात मोठी काळजी कोणती?' एवढंच. शिल्लक किती, हे विचारायचं नाही. अनोळखी फॉर्मवर कोणीही खरा आकडा लिहीत नाही. 'नंतर फोन केलेला चालेल' ही चौकट वेगळी आणि रिकामी ठेवायची, टिक त्यांनीच करायची.

तासाचा क्रम
सुरुवातीची पाच मिनिटं ओळख आणि फी. फी लपवली की लोक 'हिला कमिशन कुठून मिळतं?' हाच विचार करत बसतात. म्हणून पहिलंच वाक्य: "मी सल्ल्याची फी घेते. सल्ला घेणाऱ्याच्या गुंतवणुकीवर कोणत्याही कंपनीकडून कमिशन घेत नाही."

पुढची पंचवीस मिनिटं एकाच हिशेबाला द्या, वेबिनारचा जीव त्यातच आहे. जमा ५० लाख, खर्च महिना ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. महागाई आणि करानंतरचा परतावा सारखेच धरले, तर पैसे साधारण दहा वर्षं पुरतात. साठीला निवृत्त झालेल्या माणसाचे सत्तरीत संपतात. इथे थांबा, त्यांना स्वतःचे आकडे घालू द्या. दोन मिनिटं शांतता राहिली तरी घाई करू नका.

मग पंधरा मिनिटं पर्याय. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची ३० लाखांची मर्यादा आणि तिमाही व्याज सांगा. व्याजदर त्या दिवशी तपासूनच बोला. शेअर बाजाराबद्दल बोलताना पडझड आधी दाखवा: जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या घरात होता. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी असं झालं आणि खर्चासाठी तेव्हाच फंडाचे युनिट विकावे लागले, तर पुढे बाजार सावरूनही ती रक्कम परत येत नाही. म्हणून पहिल्या काही वर्षांचा खर्च बाजाराबाहेर ठेवायचा.

हमखास येणारे प्रश्न
"मॅडम, तुम्ही किती टक्के मिळवून देता?"
"टक्के माझ्या हातात नाहीत. खर्च, कर, विमा आणि पैसे कुठून, कधी काढायचे, एवढं आपल्या हातात आहे. माझं काम तेवढंच."

"माझा भाचा महिन्याला ३ टक्के देणाऱ्या एकाकडे पैसे ठेवतो."
"महिना ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. इतकं व्याज देऊन कोणी तुमचेच पैसे का घेईल, बँकेचं कर्ज का नाही? आधी त्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासा." भाच्याची थट्टा नको, काका फोन ठेवून देतील.

"आत्ता कोणता फंड घेऊ?"
"तुमची माहिती न घेता फंडाचं नाव सांगणं चुकीचं ठरेल."

शेवटचं निमंत्रण
"हिशेबात अडलं असेल तर ४५ मिनिटांची प्राथमिक भेट घ्या. तिची फी नाही, आणि त्यानंतर माझ्याकडूनच काम करून घ्यायचं बंधन नाही." 'फक्त पहिल्या दहा जणांना' वगैरे नको, तुम्ही अकराव्याला नाही म्हणणार आहात का?

चौकटीत टिक केलेल्यांनाच सोमवार-मंगळवारी फोन. बाकीच्यांना हिशेबाचा कोरा तक्ता एकदाच पाठवायचा. नोंदणी आधीच्या वेबिनारपेक्षा कमी होईल, हे धरून चला. मी किती लोक आले हे मोजणार नाही, किती जण स्वतःचा खर्चाचा आकडा घेऊन भेटीला आले ते मोजेन.

बुधवारपर्यंत बदल कळवा, म्हणजे मजकूर मंजुरीला पाठवता येईल. मंजुरी वेळेत आली नाही तर वेबिनार एक रविवार पुढे ढकलू.