विषय: तक्रार क्र. ४८२१३ – आवृत्ती १.४.२ नंतर ठराविक ठिकाणी गेम अडखळणे; मोजमापे, संगणकाचा तपशील व करून पाहिलेले उपाय

मा. तांत्रिक साहाय्य विभाग,

सप्रेम नमस्कार.

माझ्या पहिल्या तक्रारीला आपण तत्परतेने उत्तर दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. त्या उत्तरात सुचवलेले चारही उपाय (ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करणे, गेमच्या फाइल तपासून घेणे, गेम नव्याने इन्स्टॉल करणे आणि ग्राफिक्सची पातळी कमी करणे) मी तक्रार नोंदवण्यापूर्वीच केले होते आणि आपल्या सांगण्यावरून पुन्हा एकदा केले. फरक पडला नाही. गेल्या दहा दिवसांत मात्र मी जरा पद्धतशीर मोजमाप केले. त्यातून जे दिसले ते ग्राफिक्स सेटिंगपेक्षा सेव्ह फाइलकडे बोट दाखवते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आधी संगणकाविषयी. प्रोसेसर रायझन ५ ५६०० (६ कोअर, १२ थ्रेड) आहे, ग्राफिक्स कार्ड जीफोर्स आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचे आहे आणि मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा आहे. रॅम डीडीआर४, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ड्युअल चॅनलमध्ये, एक्सएमपी चालू करून ३२०० वर चालते. गेम एनव्हीएमई एसएसडीवर आहे आणि त्या ड्राइव्हवर ४१० जीबी जागा मोकळी आहे. विंडोज ११ ची 24H2 आवृत्ती असून ड्रायव्हर 566.36 आहे. मॉनिटर २५६० × १४४०, १४४ हर्ट्झचा आहे. खेळताना प्रोसेसरचे तापमान ७१ आणि ग्राफिक्स कार्डचे ६८ अंशांच्या वर गेलेले नाही, म्हणजे उष्णतेमुळे वेग कमी होण्याचा प्रश्न येत नाही. व्हीरॅमचा वापर जास्तीत जास्त ७.९ जीबी, म्हणजे तीही अपुरी पडत नाही.

मोजमापासाठी मी एकच वाट ठरवून घेतली: उत्तर दरवाज्यापासून घोड्यावरून निघायचे, बाजाराच्या कमानीखालून दगडी पुलावर यायचे आणि जुन्या गिरणीपाशी थांबायचे. ही वाट बरोबर २१० सेकंदांची आहे. हवामान निरभ्र, वेळ सकाळची, कारण पावसात आकडे उगाच हलतात. प्रत्येक नोंद पुढील आदेशाने घेतली आहे:

```
PresentMon.exe -process_name Game.exe -output_file run2.csv -timed 210
```

प्रत्येक स्थितीत सहा फेऱ्या केल्या आणि पहिली फेरी हिशेबात धरली नाही. याचे कारण असे की शेडर कॅशे रिकामी करून केलेल्या पहिल्या फेरीत ५० मिलिसेकंदांहून लांब असे अकरा झटके जास्तीचे दिसतात आणि दुसऱ्या फेरीपासून ते पूर्णपणे नाहीसे होतात. शेडर तयार होताना गेम अडखळतो हे मला माहीत आहे आणि माझी तक्रार त्याबद्दल नाही. खालील आकडे दुसऱ्या ते सहाव्या फेरीची सरासरी आहेत.

आवृत्ती १.४.२ मध्ये, १४४० रिझोल्यूशनवर, ग्राफिक्स 'उच्च' आणि दृश्य अंतर 'कमाल' ठेवून, सरासरी फ्रेम रेट ९२ येतो. सर्वांत मंद एक टक्का फ्रेमची सरासरी ४६ आणि सर्वांत मंद एक दशांश टक्का फ्रेमची सरासरी अवघी १८ भरते. आवृत्ती १.४.० मध्ये याच वाटेवर, याच सेटिंगवर मी सहज हौस म्हणून नोंदी घेतल्या होत्या आणि सुदैवाने त्या पुसल्या नव्हत्या. तेव्हा हेच आकडे अनुक्रमे ९३, ६१ आणि ३८ होते. सरासरी जवळपास तीच आहे, म्हणून नुसता फ्रेम रेट पाहणाऱ्याला काही बिघडले आहे असे वाटणारही नाही. बिघाड आहे तो तीन ठिकाणी: बाजाराची कमान (सुमारे १२१ मिलिसेकंद), दगडी पूल (सुमारे १४८) आणि गिरणीच्या अलीकडचे वळण (सुमारे ९६). सगळ्या फेऱ्यांत ठिकाणे हीच तीन आणि झटक्याची वेळही एका सेकंदाच्या आतबाहेर तीच. १.४.० मध्ये संपूर्ण वाटेवरची सर्वांत लांब फ्रेम ३४ मिलिसेकंदांची होती.

पुलावर नेमके काय होते ते एका फेरीच्या नोंदीतून इथेच देत आहे. पहिला स्तंभ TimeInSeconds आणि दुसरा MsBetweenPresents आहे:

```
74.2106, 10.62
74.2215, 10.91
74.2627, 41.18
74.4110, 148.27
74.4747, 63.70
74.4858, 11.08
```

घोड्याचे पुढचे पाय पुलाच्या पहिल्या दगडावर पडतात आणि चित्र थिजते. टापांचा आवाज मात्र न थांबता चालू राहतो आणि चित्र परत हलते तेव्हा घोडा एकदम दीड-दोन पावले पुढे गेलेला असतो. त्या क्षणी प्रोसेसरचा एकूण वापर ४१ टक्के दिसतो, पण एक थ्रेड एकटाच ९९-१०० टक्क्यांवर असतो आणि ग्राफिक्स कार्डचा वापर ९७ टक्क्यांवरून झपकन खाली येतो. एसएसडीवरून होणारे वाचन सेकंदाला २१० एमबीच्या पुढे जात नाही, जे त्या ड्राइव्हच्या कुवतीच्या मानाने नगण्य आहे. पूल ओलांडून लगेच माघारी वळलो तर झटका बसत नाही. दूर जाऊन सात-आठ मिनिटांनी परतलो की पुन्हा बसतो.

सेटिंगमध्ये एका वेळी एकच बदल करून मी पुढील गोष्टी पाहिल्या. डीएलएसएस 'क्वालिटी'वर चालू केल्यावर सरासरी ९२ वरून ११८ झाली, पण पुलावरचा झटका १४६ मिलिसेकंदांचाच राहिला. रिझोल्यूशन १०८० आणि दृश्य अंतर सोडून बाकी सर्व काही 'कमी' केल्यावर सरासरी १३७ आणि झटका १३९. फ्रेम रेट ६० वर बांधल्यावर १४४. टेक्स्चर, सावल्या, गर्दीचे प्रमाण, व्ही-सिंक, पूर्ण पडदा की बिनकडांची खिडकी यांपैकी कशानेही दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो फक्त दृश्य अंतराने: ते 'मध्यम' केल्यावर पुलावरचा झटका ९७ पर्यंत उतरला.

विंडोजच्या बाजूने, ड्रायव्हर डीडीयूने समूळ काढून 566.36 आणि त्याआधीचा 561.09 असे दोन्ही बसवून पाहिले. हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग आणि गेम मोड चालू-बंद करून पाहिले, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' केला, सर्व ओव्हरले बंद केले, अँटिव्हायरसमधून गेमचे फोल्डर वगळले आणि पार्श्वभूमीचे सर्व प्रोग्रॅम थांबवून क्लीन बूटही केला. लेटन्सीमॉनमध्ये आक्षेपार्ह काही आढळले नाही. एक्सएमपी बंद करून रॅम २१३३ वर आणली तेव्हा झटका १७१ पर्यंत वाढला, म्हणजे हे काम प्रोसेसर आणि रॅम यांच्यात अडते आहे असे मला वाटते. गेममधील आपोआप सेव्ह होणे बंद केल्यानेही काही झाले नाही. माझी सेव्ह फाइल एका मित्राच्या संगणकावर (रायझन ७ ५८००एक्स३डी, रेडिऑन आरएक्स ६७०० एक्सटी) नेली असता पुलावर ११८ मिलिसेकंदांचा झटका बसला. त्याच्या स्वतःच्या नव्या खेळात तिथे काहीच जाणवत नाही. म्हणून हा एका विशिष्ट ग्राफिक्स कार्डाचा किंवा ड्रायव्हरचा दोष नसावा.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मला सेव्ह फाइलच्या प्रती ठेवण्याची सवय आहे (घरच्यांच्या मते तो अतिरेक आहे, पण या वेळी उपयोगी पडला). आवृत्ती १.४.२ वर, त्याच सेटिंगसह, निरनिराळ्या प्रती उघडून मी पुलावरचा झटका मोजला. नव्याने सुरू केलेल्या खेळात तो ४४ मिलिसेकंद आहे. १.४.२ येण्याच्या आदल्या दिवशीच्या, ६१ तासांच्या सेव्हमध्ये ४७ आहे. ६६ तासांच्या सेव्हमध्ये ८९ आहे आणि सध्याच्या ७४ तासांच्या सेव्हमध्ये १४८. म्हणजे पहिले ६१ तास खेळूनही जे झाले नाही, ते नव्या आवृत्तीतल्या पुढच्या तेरा तासांत तिपटीहून वाढले.

१.४.२ च्या बदलांच्या यादीत असे नमूद आहे की जमिनीवर पडलेल्या वस्तू, ज्या पूर्वी काही वेळाने नाहीशा होत, त्या आता कायम राहतील. मी धनुष्यबाण वापरतो आणि पुलावर, कमानीपाशी व गिरणीच्या वळणावर दरोडेखोरांशी वारंवार गाठ पडते. चुकलेले बाण आणि पडलेली शस्त्रे तिथे साचलेली डोळ्यांना दिसतात. पुलाच्या कठड्याखाली तर बाणांचे अक्षरशः कुंपण उभे राहिले आहे. त्यामुळे मी एक साधा प्रयोग केला. एक अख्खी संध्याकाळ खर्चून पुलाच्या परिसरातल्या २१४ वस्तू वेचल्या, त्या विकून टाकल्या, सेव्ह केले आणि गेम बंद करून पुन्हा सुरू केला. पुलावरचा झटका १४८ वरून १०२ वर आला. जिथल्या वस्तू उचलल्या नव्हत्या त्या कमानीपाशी तो १२१ च्या जागी १२० राहिला.

आपल्या गेमची आतली रचना मला ठाऊक नाही, त्यामुळे निदान करण्याचा आव आणत नाही. तरीही नकाशाचा नवा भाग स्मृतीत येताना तिथल्या साऱ्या टाकलेल्या वस्तू एकाच फ्रेममध्ये, मुख्य थ्रेडवर उभ्या केल्या जात असाव्यात, अशी शंका या आकड्यांवरून येते. दृश्य अंतर कमी केल्यावर झटका का घटतो, हेही त्यामुळे समजण्यासारखे होते.

माझी विनंती अशी की ही तक्रार कृपया प्राथमिक साहाय्याच्या पातळीवर न ठेवता गेमच्या अभियंत्यांकडे पाठवावी आणि सोबतच्या ६१ व ७४ तासांच्या सेव्ह फाइल त्यांनी १.४.२ वर उघडून पाहाव्यात. दोन्हींमधला फरक पुलापर्यंतच्या पहिल्या ७५ सेकंदांतच दिसेल. ही अडचण आपल्याला आधीपासून माहीत असल्यास तेवढे कळवावे, म्हणजे मी आणखी चाचण्यांत वेळ घालवणार नाही. तसेच दुरुस्ती येईपर्यंत टाकलेल्या वस्तू सेव्हमधून काढून टाकण्याची एखादी अधिकृत सोय असेल तर सांगावी. सेव्ह फाइल स्वतः हाताने बदलण्याची माझी इच्छा नाही, आणि सगळा नकाशा पालथा घालून बाण वेचत बसणे काही शक्य नाही.

सोबत दोन्ही आवृत्त्यांच्या नोंदींच्या सीएसव्ही फाइल, सेव्हच्या तीन प्रती (६१, ६६ व ७४ तास), dxdiag चा अहवाल आणि पुलावरच्या झटक्याची ४० सेकंदांची चित्रफीत जोडली आहे. वस्तू वेचल्यानंतरची सेव्ह वेगळी ठेवली आहे. हवी असल्यास लगेच पाठवतो. नोंदी ठेवणारी एखादी चाचणी आवृत्ती आपण दिलीत तर याच वाटेवर ती चालवून दोन दिवसांत फाइल परत करीन.

आपला विश्वासू,
खेळातील नाव: Ranvara_74