गुरुवारच्या जर्नल क्लबआधी: पेपर उघडण्यापूर्वीचे आणि नंतरचे प्रश्न

प्रिय विद्यार्थ्यांनो,

गुरुवारी दुपारी ३ वाजता सेमिनार रूममध्ये आपला जर्नल क्लब आहे. या वेळचा पेपर तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीचा आहे: ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’, मार्च १९९१, खंड ३२४, पान ७८१ पासून. ‘कास्ट’ या नावाने ओळखली जाणारी ट्रायल. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड विरुद्ध प्लॅसिबो. प्रत विभागाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, पण ती लगेच उघडू नका. आधी हे पत्र पूर्ण वाचा.

मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. पाऊण तास चर्चा रंगली आणि शेवटी माझ्या लक्षात आलं की आपण सगळे गोषवाऱ्यावरच बोलत होतो. मेथड्सचं पान एकानेही उलटलेलं नव्हतं. मी रागावले नाही, कारण मीही अनेक वर्षं तेच केलं आहे. पण या पेपरच्या बाबतीत ते चालणार नाही. याचा निकाल तुम्हाला पाठ्यपुस्तकातून आधीच माहीत आहे: औषधाने ठोके सुधारले आणि माणसं जास्त मेली. निकाल ठाऊक असला की पेपर उलटा वाचला जातो, आणि उलटा वाचला की त्या काळचे डॉक्टर मूर्ख वाटू लागतात. ते मूर्ख नव्हते. ते का चुकले, हे त्यांच्या जागी उभं राहून बघायचं आहे.

म्हणून पहिले दोन प्रश्न पेपर न उघडता, कागदावर, पेनाने सोडवा.

१. वर्ष १९८६ धरा. तुमच्यासमोर रुग्ण आहे, तीन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. होल्टरवर तासाला बरेच व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक ठोके दिसतात, लक्षण मात्र फारसं नाही. असे ठोके असणाऱ्यांमध्ये अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे तुम्हाला माहीत आहे. हे ठोके जवळजवळ पुसून टाकणारं औषधही हाताशी आहे. देणार की नाही? हो किंवा नाही लिहा आणि कारण दोन ओळींत द्या. ‘परिस्थितीनुसार’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. परिस्थिती वर दिली आहे.

मी इंटर्न असताना वॉर्डात मॉनिटरवर असे दोन-चार ठोके दिसले की आम्ही धावायचो. रेषा सरळ झाली की हायसं वाटायचं. ते हायसं वाटणं रुग्णाच्या हिताचं आहे की आपल्या, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यातही आला नाही.

२. याच रुग्णाला, ठोके दाबणारं औषध उपलब्ध असताना, ट्रायलसाठी प्लॅसिबो देणं तुम्हाला नैतिक वाटतं का? पहिल्या प्रश्नाला ‘हो, देणार’ म्हणणाऱ्यांनी इथे विशेष सांभाळून लिहावं. त्या काळी अनेक डॉक्टरांना प्लॅसिबोचाच आक्षेप होता. धोका औषधाच्या बाजूला असेल असं फार थोड्यांना वाटलं.

झालं लिहून? आता पेपर उघडा, पण गोषवारा ओलांडून थेट मेथड्सवर जा.

३. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्यामुळे याला सगळ्यात जास्त वेळ द्या. रँडमायझेशनच्या आधी एक टप्पा आहे. त्यात प्रत्येक रुग्णाला खरं औषध दिलं गेलं आणि होल्टरवर ठोके पुरेसे दबतात का ते पाहिलं. ज्यांचे दबले तेच पुढे गेले. (१९८९ च्या प्राथमिक अहवालात हा आकडा आहे: मार्च १९८९ अखेरपर्यंत २३०९ जण या टप्प्यात आले, त्यातले १७२७ रँडमाइझ झाले. त्यात मोरिसिझिन हे तिसरं औषधही धरलेलं आहे.) एक उभी आकृती काढा: वर किती रुग्ण, कुठल्या पायरीवर कोण गळलं आणि का. मग तीन गोष्टी सांगा.

एक, या टप्प्यातच ज्यांना औषध सोसलं नाही किंवा जे दगावले, ते अंतिम तुलनेत कुठे दिसतात? दोन, ज्यांचे ठोके सहज दबतात त्यांचं हृदय मुळातच जरा बरं असेल का? तसं असेल तर प्लॅसिबो गटातल्या मृत्यूदराबद्दल तुमची अपेक्षा काय असायला हवी? आणि तीन, अशी चाळणी औषधाच्या बाजूने झुकते की विरुद्ध? ठरवलंत की मग मृत्यूचे आकडे बघा. माझं मत आत्ता सांगत नाही. एवढंच सांगते की ‘ट्रायलमध्ये सिलेक्शन बायस आहे’ असं लिहून कागद देणाऱ्याला बायस कुठल्या दिशेने आहे, हे मी उभं करून विचारणार आहे.

४. आता आकडेमोड. औषध गटांत मिळून ७५५ रुग्ण, प्लॅसिबोत ७४३. सरासरी १० महिन्यांत एकूण ८९ मृत्यू: औषधावर ६३, प्लॅसिबोवर २६. दोन्ही गटांचा मृत्यूदर काढा, फरक काढा आणि किती जणांना औषध दिल्यावर एक जादा मृत्यू होतो ते काढा. कॅल्क्युलेटर चालेल. मग उत्तर आकड्यांच्या भाषेतून वॉर्डाच्या भाषेत आणा: तुमच्या ओपीडीत असे किती रुग्ण येतात, आणि एका वर्षात तुम्हाला हा फरक जाणवला असता का? इथे तुमच्यातला प्रामाणिक माणूस ‘नाही’ म्हणेल असा माझा अंदाज आहे. हे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या कागदाशेजारी ठेवा.

५. मृत्यूंची फोड बघा. ॲरिथमियाने ५९ (औषधावर ४३, प्लॅसिबोवर १६), हृदयाच्या इतर कारणांनी २२ (१७ आणि ५), हृदयाशी संबंध नसलेल्या कारणांनी ८ (३ आणि ५). पहिल्या ओळीवर सगळे बोलतात. मला दुसरी ओळ हवी आहे. औषध ॲरिथमिया बिघडवतं म्हणून माणसं मेली, एवढंच खरं असेल तर दुसऱ्या ओळीत १७ आणि ५ का? सोडियम चॅनल बंद झाल्यावर वहन मंदावतं, व्रण असलेल्या स्नायूत फेरा मारणारा विद्युतप्रवाह तयार होऊ शकतो, हे तुम्ही थिअरीत लिहिता. त्यापुढे जाऊन, तेच हृदय पुन्हा रक्तपुरवठ्याला मुकलं तर काय होईल, याचा विचार करा. लेखकांनी स्वतः यंत्रणा अज्ञात असल्याचं म्हटलं आहे, त्यामुळे तुमचं उत्तर कल्पना म्हणून लिहा, निष्कर्ष म्हणून नाही.

मृत्यूचं कारण कुणी ठरवलं, ठरवताना त्यांना गट माहीत होता का, हेही मेथड्समध्ये शोधा. एका ओळीचं उत्तर पुरे.

६. एक जागा वाचकांच्या नजरेतून निसटते. जीवघेण्या न ठरलेल्या घटनांमध्ये, म्हणजे बेशुद्धी, हार्ट फेल्युअर, पुन्हा आलेला इन्फार्क्ट, अँजायना वगैरेंमध्ये, दोन गटांत फरक आढळला नाही. मरणाऱ्यांची संख्या दुपटीहून जास्त आणि आजारी पडणाऱ्यांची तेवढीच. हे कसं शक्य आहे? आणि हे खरं असेल तर, ‘दुष्परिणाम दिसले की औषध थांबवू’ या आपल्या रोजच्या सवयीने या रुग्णांचं काय भलं झालं असतं?

७. संख्याशास्त्राची आवड असणाऱ्या दोघांनी (कोण ते तुम्हाला माहीत आहे) १९८९ चा प्राथमिक अहवालही बघावा. त्याचा मूळ आराखडा औषधाचा फायदा तपासण्यासाठी एकतर्फी चाचणीवर बेतलेला होता. हानी होऊ शकते हे गृहीत न धरता ट्रायल आखली, तर देखरेख समितीने कधी आणि कशाच्या आधारावर थांबायचं? इतरांनी हा प्रश्न सोडला तरी चालेल, पण चर्चेत गप्प बसायचं नाही.

८. शेवटचा. फ्लेकेनाइड आजही वापरात आहे. हृदयाच्या रचनेत दोष नसलेल्या रुग्णांत, एट्रियल फिब्रिलेशनसाठी ते दिलं जातं. मग या पेपरने नेमकं काय सिद्ध केलं आणि काय नाही? कुठल्या रुग्णांपुरतं? तीन वाक्यांत लिहा. चौथं वाक्य आलं तर ते बहुधा पेपरमध्ये नसलेलं असेल.

चर्चेचा एक नियम: पहिला अर्धा तास ‘सरोगेट एंडपॉइंट’ हा शब्द कुणी वापरायचा नाही. शब्द चुकीचा नाही. पण तो उच्चारला की सगळ्यांना समजल्यासारखं वाटतं आणि विचार तिथेच थांबतो. त्याऐवजी पूर्ण वाक्य बोला: अमुक मोजलं, कारण ते तमुकशी जोडलेलं आहे असं वाटत होतं, आणि ती जोड या कारणाने तुटली. अर्ध्या तासानंतर हवा तेवढा वापरा. त्यानंतर आत्ता आपल्या विभागात जे आकडे बघून आपण औषधं देतो, त्यांच्याकडे वळू. येताना प्रत्येकाने असा एक आकडा मनात ठेवून यावं.

सादरीकरण द्वितीय वर्षाच्या निवासींकडे आहे. स्लाइड्स दहाच्या आत ठेवा. त्यातली एक तिसऱ्या प्रश्नाची आकृती असेल, ती फळ्यावर हाताने काढलीत तर मला जास्त आवडेल. प्रथम वर्षाच्यांनी पहिले सहा प्रश्न सोडवले तरी पुष्कळ.

पहिल्या दोन प्रश्नांचे कागद बुधवारी संध्याकाळी ५ पर्यंत माझ्या टेबलावरच्या फाइलमध्ये ठेवा. नाव लिहू नका, फक्त वर्ष लिहा. मी ते गुरुवारी मोठ्याने वाचणार आहे, आणि त्यात माझाही एक कागद असेल, १९८६ सालची मी जे उत्तर दिलं असतं ते लिहिलेला. कुठला ते ओळखायचा प्रयत्न करू नका.

पेपर डाउनलोड होत नसेल किंवा एखादा तक्ता वाचता येत नसेल तर मंगळवारी दुपारी २ ते ४ मी विभागात आहे. बुधवारी रात्री अकराला मेसेज केलात तर उत्तर मिळणार नाही.

तुमच्या,
औषधशास्त्र विभागातल्या मॅडम