प्रश्न सातवा : फैजपूरचे अधिवेशन

ताई, सातवा प्रश्न वाचतो. चारही पर्याय ऐकून घ्या, घड्याळ त्यानंतरच सुरू होईल. ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खान्देशात, फैजपूर येथे झाले; त्याचे अध्यक्ष कोण होते? अ, वल्लभभाई पटेल. ब, सुभाषचंद्र बोस. क, जवाहरलाल नेहरू. ड, राजेंद्र प्रसाद. तीस सेकंद आहेत.

मागच्या रांगेतील मंडळींनी कृपया ओठसुद्धा हलवू नयेत. यावलकरांना उत्तर येते, हे आम्ही गृहीतच धरले आहे!

ताई, तुमचे बोट ‘ब’ आणि ‘क’ यांच्यामध्ये घुटमळते आहे. घाई नाही. ‘ब’ म्हणता? पक्के करू? केले.

ज्या अधिवेशनाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावाकडच्या साहित्यातून उभी केली, त्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी होते... जवाहरलाल नेहरू.

ताई, उत्तर हुकले, पण तुमचा अंदाज निराधार नव्हता, कारण सुभाषबाबूंनीही एका खेड्यातीलच अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले होते. ते मात्र १९३८ चे, गुजरातमधील हरिपुऱ्याचे. आधीचे गुण शाबूत आहेत, निःशंक बसा. टाळ्या होऊ द्या! धुळ्याचे काका, आता बझर तुमच्याकडे.